स्क्रीनच्या चित्रफितीतून लांबलचक तक्ता जोडताना: ओळ गळू नये, ओळ दुप्पट होऊ नये

माझ्या मामांचे म्हशीचे दूध गावातील दूध संस्थेला जाते. संस्थेच्या मोबाइल ॲपमध्ये प्रत्येक संकलनाची नोंद दिसते. तारीख, सकाळ किंवा सायंकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम अशा सात रकान्यांची एक ओळ असते. कर्जाच्या अर्जासाठी मामांना 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या वर्षाचा संपूर्ण तक्ता हवा होता, परंतु ॲपमध्ये तो उतरवून घेण्याची सोय नव्हती. केवळ बोटाने खाली सरकवत पाहता येत होते. दिवसाला दोन पाळ्या म्हणजे वर्षाला सातशेहून अधिक ओळी, आणि एका वेळी पडद्यावर दिसणार पंधरा. अशा वेळी स्क्रीनची चित्रफीत घ्यायची, तीमधून चित्रे काढायची आणि त्या चित्रांतील ओळी जोडून एक तक्ता करायचा, हाच मार्ग उरतो. हे काम मी दोनदा केले. पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने केले आणि दुसऱ्यांदा योग्य पद्धतीने. दोन्हींतील फरक एकाच गोष्टीत आहे, म्हणून आधी ती सांगतो.

ओळीची ओळख मजकुरावरून नव्हे, जागेवरून

पहिल्या प्रयत्नात मी चित्रफितीतून दर सेकंदाला एक चित्र काढले, प्रत्येक चित्रातील मजकूर वाचून घेतला, सगळ्या ओळी एकाखाली एक ठेवल्या आणि हुबेहूब सारख्या ओळींपैकी एकच ठेवून बाकीच्या काढून टाकल्या. ही पद्धत प्रथमदर्शनी अगदी रास्त वाटते, कारण एकच ओळ लागोपाठच्या तीन-चार चित्रांत येणार हे उघड आहे. प्रत्यक्षात माझ्या हाती 756 ओळी आल्या. वर्षात 365 दिवस आणि दिवसाला दोन पाळ्या धरल्या तर 730 व्हायला हव्यात, म्हणजे कुठेतरी ओळी वाढल्या होत्या. शोधल्यावर दिसले की एका चित्रात फॅट 6.4 असा वाचला गेला होता आणि पुढच्या चित्रात त्याच ओळीचा फॅट 8.4 असा वाचला गेला होता. दोन्ही ओळींचा मजकूर वेगळा झाल्यामुळे दोन्ही टिकल्या.

याहून वाईट चूक उलट्या दिशेची होती आणि ती ओळींच्या संख्येवरून कळण्याजोगी नव्हती. 14 ऑगस्टच्या सायंकाळी मामांनी दोन कॅन घातले होते आणि दोन्हींचे माप स्वतंत्र झाले होते. दोन्ही कॅनमध्ये 5.0 लिटर, फॅट 6.4, एसएनएफ 9.0, दर 52.40 आणि रक्कम 262.00. ॲपमध्ये या दोन ओळी एकाखाली एक, तंतोतंत सारख्या दिसत होत्या. माझ्या पद्धतीने त्यांतील एक निमूटपणे पुसून टाकली. वाढलेल्या खोट्या ओळींच्या गर्दीत गळलेली खरी ओळ झाकली जाते, आणि दोन्ही चुका जवळपास समान संख्येने झाल्या तर एकूण आकडाही बरोबर येऊ शकतो.

म्हणून मजकुरावरून दुबार ओळी काढणे हा मार्गच सोडून द्यावा. संपूर्ण तक्ता ही एक लांब उभी पट्टी आहे आणि मोबाइलचा पडदा ही तिच्यावरून सरकणारी खिडकी आहे, असे समजावे. पट्टीच्या वरच्या टोकापासून खिडकी किती पिक्सेल खाली सरकली आहे हे प्रत्येक चित्रासाठी ठरवता आले, तर त्या चित्रातील प्रत्येक ओळीची पट्टीवरील जागा निश्चित होते. दोन चित्रांतील ओळी एकाच जागी येत असतील तर ती एकच ओळ आहे, मग ती दोनदा वेगवेगळी वाचली गेलेली असो. दोन ओळींच्या जागा वेगळ्या असतील तर त्या दोन ओळी आहेत, मग त्यांचा मजकूर शब्दशः सारखा असो.

चित्रफीत घेताना

या कामातील निम्मी अचूकता चित्रफीत घेतानाच ठरते. सर्वप्रथम यादीच्या शेवटपर्यंत एकदा सरकत जावे आणि पुन्हा वर यावे, कारण बहुतेक ॲप सगळ्या ओळी एकदम आणत नाहीत. तळाशी पोहोचल्यावर फिरते चक्र दिसते आणि मग पुढच्या ओळी येतात. चित्रफीत चालू असताना असे घडले तर चक्राची जागा नंतर ओळी घेतात आणि मोजणी बिघडते. त्यानंतर मोबाइलचे इंटरनेट बंद करावे. मी हे मुद्दाम केले, कारण यादीत नवीन नोंद सर्वांत वर येत होती. मी मध्यावर असताना सायंकाळच्या संकलनाची नोंद आली असती, तर संपूर्ण यादी एका ओळीने खाली ढकलली गेली असती. काही ॲप वर परत येताच आधीच्या ओळी टाकून देतात आणि इंटरनेटशिवाय त्या पुन्हा आणू शकत नाहीत. तसे असल्यास इंटरनेट चालू ठेवून, दोन्ही पाळ्यांचे संकलन आटोपल्यावर रात्री चित्रफीत घ्यावी.

सरकवताना बोटाने झटका देऊ नये. झटका दिला की यादी वेगाने पळते, चित्रे धूसर येतात आणि मध्ये किती ओळी गेल्या हे सांगता येत नाही. बोट पडद्यावर टेकवून सावकाश वर ओढावे, साधारण सहा ओळी सरकल्यावर बोट स्थिर धरावे, मग उचलावे आणि एक सेकंद थांबावे. बोट उचलण्यापूर्वी ते स्थिर असले म्हणजे यादी आपोआप पुढे घसरत नाही. पंधरा ओळींच्या पडद्यावर सहा ओळींचे सरकणे म्हणजे लागोपाठच्या दोन थांब्यांत नऊ ओळी सामाईक राहतात. हा भाग वाया गेला असे वाटू देऊ नये, कारण पुढची सगळी तपासणी याच नऊ ओळींवर उभी आहे. मला असे 121 थांबे घ्यावे लागले आणि चित्रफीत सुमारे पाच मिनिटांची झाली.

चित्रफितीची प्रत मोबाइलच्या पूर्ण आकारातच ठेवावी. ती संदेशाच्या ॲपवरून स्वतःला पाठवून संगणकावर घेऊ नये, कारण तेथे ती आक्रसते. आकार लहान झाला की ओळीची उंची अपूर्णांकात जाते, आणि हा अपूर्णांक पुढे कसा अंगाशी येतो ते लवकरच दिसेल.

स्थिर चित्रे वेगळी काढणे

माझ्या मोबाइलचा पडदा 1080 गुणिले 2400 पिक्सेलचा आहे. वरच्या 420 पिक्सेलमध्ये सभासदाचे नाव, खाते क्रमांक आणि रकान्यांचे मथळे होते, तर खालच्या 240 पिक्सेलमध्ये बटणांची पट्टी होती. हे दोन्ही भाग यादी सरकली तरी जागचे हलत नाहीत. ते चित्रात राहिले तर जुळणी करणारा प्रोग्राम न हललेला भाग पाहून काहीच सरकले नाही असे मानू शकतो, म्हणून ते कापून टाकणे अनिवार्य आहे. उजव्या कडेची सरकपट्टी दिसते आणि विरते, तीही कापावी. उरलेला भाग 1740 पिक्सेल उंच होता, आणि मथळ्याखालची रेघ संपते तिथेच पहिली ओळ सुरू होईल अशा बेताने मी तो कापला.

```
ffmpeg -i dudh.mp4 -vf "crop=1000:1740:40:420,fps=10" f_%04d.png
```

येथे सेकंदाला दहा चित्रे मिळतात. त्यांतील हलत्या स्थितीतील चित्रे आपल्याला नको आहेत. लागोपाठची पाच चित्रे एकसारखी असतील तर तो थांबा समजावा आणि त्यातील एकच चित्र ठेवावे.

```python
import cv2, glob

H, R, T, B = 1740, 116, 1160, 1508
keep, last, still = [], None, 0
for f in sorted(glob.glob("f_*.png")):
    g = cv2.imread(f, 0)
    same = last is not None and cv2.absdiff(g, last).mean() < 0.3
    still = still + 1 if same else 0
    if still == 4:
        keep.append((f, g))
    last = g
```

एकाच थांब्याची दोन चित्रे निघाली तरी बिघडत नाही. दुसरे चित्र शून्य पिक्सेल सरकलेले आहे असे मोजणीत येईल आणि त्याच्या ओळी आधीच्याच जागांवर बसतील. जागेवर आधारलेल्या पद्धतीचा हा मोठा आराम आहे. चित्रे जास्त असली तर नुकसान नाही, कमी असली तरच आहे.

वरच्या ओळींतील `R` ही एका ओळीची उंची आहे. ती एकच ओळ मोजून ठरवू नये. पहिल्या चित्रात पहिल्या ओळीच्या वरच्या कडेपासून पंधराव्या ओळीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला चौदाने भागावे. माझ्याकडे ते अंतर 1624 आले, म्हणजे ओळीची उंची नेमकी 116. समजा उत्तर 115.7 आले असते आणि मी ते 116 असे धरले असते, तर सातशे ओळींनंतर 210 पिक्सेलचा, म्हणजे जवळजवळ दोन ओळींचा, घोळ झाला असता. आक्रसलेली चित्रफीत नको म्हणण्याचे कारण हेच आहे.

खिडकी किती सरकली

आता प्रत्येक थांब्याच्या चित्रातून तीन ओळींची एक पट्टी घ्यावी आणि ती पुढच्या थांब्याच्या चित्रात कुठे सापडते ते पाहावे. मी वरून 1160 ते 1508 पिक्सेलची पट्टी घेतली. ती पडद्याच्या खालच्या भागात आहे, कारण यादी वर सरकते आणि वरच्या भागातील ओळी पुढच्या चित्रातून निघून जातात. पट्टी जर पुढच्या चित्रात 473 वर सापडली, तर यादी 1160 उणे 473, म्हणजे 687 पिक्सेल सरकली.

```python
y, pos = 0, [0]
for (fa, a), (fb, b) in zip(keep, keep[1:]):
    r = cv2.matchTemplate(b, a[T:B], cv2.TM_CCOEFF_NORMED)[:, 0]
    k = int(r.argmax())
    s = r.copy()
    s[max(0, k - R // 2):k + R // 2] = -1
    y += T - k
    pos.append(y)
    print(fa, fb, T - k, round(float(r[k]), 3), round(float(s.max()), 3))
print((y + H) / R)
```

प्रत्येक जोडीसाठी तीन आकडे छापले जातात. पहिला आकडा सरकल्याचे अंतर, दुसरा जुळणीचा गुणांक आणि तिसरा दुसऱ्या क्रमांकाच्या जुळणीचा गुणांक. तिसरा आकडा का हवा, हे नीट समजून घेतले पाहिजे. तक्त्याच्या सगळ्या ओळी एकाच उंचीच्या, रकाने एकाच जागी, अक्षरेही एकाच घडणीची. त्यामुळे पट्टी खऱ्या जागेपेक्षा एक ओळ वर किंवा एक ओळ खाली ठेवली तरी ती बऱ्यापैकी जुळते. फरक असतो तो केवळ काही अंकांचा. छायाचित्रे जोडताना हा प्रश्न येत नाही, तक्ते जोडताना तो पदोपदी येतो. स्थिर चित्रांत खरी जुळणी 0.98 च्या वर राहते आणि दुसरी बरीच खाली असते. पहिला गुणांक 0.95 च्या खाली गेला किंवा दोन गुणांकांतील अंतर फारच कमी झाले, तर ती जोडी संशयित समजून उघडून पाहावी.

सरकणे खऱ्याहून एका ओळीने कमी मोजले गेले, तर पुढचे चित्र एक ओळ वर बसते आणि जोडाच्या पुढची एक ओळ गळते. एका ओळीने जास्त मोजले गेले तर जोडावरची एक ओळ दोनदा येते. म्हणजे गळणे आणि दुप्पट होणे हे दोन वेगळे आजार नसून एकाच मोजणीच्या दोन बाजू आहेत.

सगळ्यात शेवटी छापला जाणारा भागाकार पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवा. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा असेल तर ती आधी वजा करावी. माझ्याकडे उत्तर 725.0 आले आणि मी समाधानाने पुढे गेलो, परंतु ते बरोबर नव्हते. बरोबर एका ओळीने चुकलेली मोजणीसुद्धा पूर्णांकच देते. ही तपासणी अर्धवट पिक्सेलच्या चुका पकडते, अख्ख्या ओळीची चूक तिला दिसत नाही.

ओळी कापणे आणि वाचणे

```python
rows = {}
for (f, g), y in zip(keep, pos):
    n = (y + R - 4) // R
    while (n + 1) * R <= y + H + 3:
        t = max(0, n * R - y)
        rows.setdefault(n, []).append((f, g[t:t + R]))
        n += 1
```

येथे प्रत्येक चित्रातून केवळ पूर्ण दिसणाऱ्या ओळी घेतल्या जातात. वरच्या किंवा खालच्या कडेला अर्धवट कापलेली ओळ वाचली तर 6 चा 0 होतो आणि 9 चा 0 होतो, म्हणून ती घेऊच नये. शेजारच्या चित्रात ती पूर्ण असतेच. तीन-चार पिक्सेलची सूट ठेवली आहे ती अशासाठी की मोजणीत एखादा पिक्सेल इकडेतिकडे झाल्याने शेवटची ओळ हुकू नये. `rows` मध्ये शून्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक क्रमांक आहे ना, हे एकदा पाहावे. मध्ये क्रमांक नसेल तर तिथे दोन थांब्यांमध्ये खिंडार पडले आहे आणि तेवढ्या भागाची चित्रफीत पुन्हा घ्यावी लागेल.

प्रत्येक ओळीचे रकान्यांप्रमाणे तुकडे करून ते वेगवेगळे वाचावेत. अख्खी ओळ एकदम वाचायला दिली तर दोन रकान्यांतील अंक एकमेकांना चिकटतात. टेसरॅक्ट या चित्रातील मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामला अंकांच्या रकान्यांसाठी एका ओळीचा मजकूर आहे आणि त्यात केवळ अंक, टिंब व आडवी रेघच येऊ शकते, असे सांगावे.

```
tesseract cell.png - -l eng --psm 7 -c tessedit_char_whitelist=0123456789.-
```

ॲपमधील अंक देवनागरी असतील तर `-l mar` वापरावे आणि चालतील त्या चिन्हांची यादीही देवनागरी अंकांची द्यावी. सकाळ-सायंकाळचा रकाना माझ्याकडे मराठीत होता, त्यासाठीही `mar` च वापरले.

सामाईक ओळींची साक्ष

पहिल्या आणि शेवटच्या काही ओळी सोडल्या तर प्रत्येक ओळ किमान दोन चित्रांत येते, म्हणजे तिची किमान दोन वाचने मिळतात. ही वाचने एकमेकांशी ताडून पाहणे हा माझ्या मते या संपूर्ण कामाचा गाभा आहे. वाचनांत फरक दोन प्रकारचा असतो आणि ते दोन प्रकार सहज वेगळे ओळखता येतात. एखाद्या ओळीतील एकाच रकान्यात फरक असेल, तारीख मात्र जुळत असेल, तर ती वाचनाची चूक आहे. चित्र उघडून खरा अंक लिहावा. याउलट एका जोडावरील सगळ्या सामाईक ओळींच्या तारखा किंवा पाळ्या ओळीने एका घराने सरकलेल्या दिसत असतील, तर ती वाचनाची चूक नव्हे, जोड चुकला आहे.

माझ्या तक्त्यात 43 व्या आणि 44 व्या थांब्याच्या जोडावर नेमके हेच दिसले. वरच्या चित्राप्रमाणे एका क्रमांकावर 18 नोव्हेंबरची सायंकाळ होती, खालच्या चित्राप्रमाणे त्याच क्रमांकावर 18 नोव्हेंबरची सकाळ, त्याखालच्या क्रमांकावर एकात सकाळ तर दुसऱ्यात 17 नोव्हेंबरची सायंकाळ, आणि असेच पुढे. यादीत नवी तारीख वर असल्याने खालच्या चित्रातील ओळी आपल्या खऱ्या जागेपेक्षा एक घर वर बसल्या होत्या, म्हणजे सरकणे कमी मोजले गेले होते. छापलेल्या आकड्यांत या जोडीचे अंतर 580 होते, गुणांक 0.95 च्या बराच खाली होता आणि दुसरा गुणांक त्याला जवळजवळ चिकटलेला. संशय घेण्यासाठी एवढे पुरेसे होते, मी ते पाहायला हवे होते.

43 व्या थांब्याचे चित्र उघडले तेव्हा कारण समोर आले. इंटरनेट बंद असल्यामुळे ॲपने "नेटवर्क उपलब्ध नाही" असा काळ्या पट्टीवरचा संदेश दाखवला होता आणि तो मी घेतलेल्या तीन ओळींपैकी एकीवर बसला होता. त्या ओळीचे अंक झाकले गेले, उरलेल्या दोन ओळींत त्या आठवड्याचे लिटर आणि फॅट जवळपास सारखेच होते, आणि खरी जागा व एका ओळीने चुकलेली जागा यांत प्रोग्रामला फरक करता आला नाही. उपाय सोपा होता. त्या एका जोडीसाठी पट्टी 1160 ऐवजी 812 ते 1160 या भागातून घेतली, तिथे संदेश नव्हता. अंतर 696 आले आणि गुणांक 0.99. एकूण उंची 84,216 पिक्सेल झाली आणि ओळी 726.

संदेशाने झाकलेली ओळ त्या चित्रातून वाचायची नाही, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या चित्रातील वाचनच ग्राह्य धरावे.

726 हा आकडा खरा कशावरून

आता दिनदर्शिका समोर घेऊन तारीख व पाळी यांचा क्रम पाहावा. 730 पाळ्यांपैकी 7 पाळ्यांची नोंद तक्त्यात नव्हती आणि 3 पाळ्यांच्या दोन-दोन नोंदी होत्या. 730 उणे 7 अधिक 3, म्हणजे 726. हिशेब जुळतो, पण त्या दहा जागा खऱ्या की जोडकामातून उद्भवलेल्या, हे स्वतंत्रपणे सिद्ध केले पाहिजे. यासाठी एक साधी कसोटी आहे आणि ती निर्णायक आहे. पाळी गायब असेल तर तिच्या आधीची आणि नंतरची ओळ एकाच चित्रात लगोलग एकाखाली एक दिसतात का, ते पाहावे. दिसत असतील तर मध्ये काहीही गळलेले नाही, ॲपमध्येच ती नोंद नाही. त्याचप्रमाणे दोन सारख्या ओळी एकाच चित्रात दोन्ही दिसत असतील तर त्या खरोखरच दोन आहेत, कारण एका चित्रात कोणतीही ओळ दोनदा येऊ शकत नाही. 14 ऑगस्टच्या दोन्ही ओळी मला अशाच एका चित्रात मिळाल्या. दहाच्या दहा जागा या कसोटीला उतरल्या. गायब पाळ्यांविषयी मामींना विचारले तेव्हा त्यांनी मागे न पाहता सांगितले की पाच वेळा घरी लग्नाचे दूध लागले होते आणि दोन वेळा ओढ्याला पाणी असल्याने संकलन केंद्रापर्यंत जाता आले नव्हते.

अंकांच्या तपासणीसाठी दुधाच्या व्यवहारात आयत्या सोयी आहेत. लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम, हे प्रत्येक ओळीत ताडून पाहावे. फॅट आणि एसएनएफ चुकीचे वाचले गेले तर ते या गुणाकारात दिसत नाही, म्हणून दरपत्रकाचा आधार घ्यावा. दर बदललेला नाही अशा काळात सारखा फॅट आणि सारखा एसएनएफ असलेल्या सर्व ओळींचा दर सारखाच हवा. एखाद्या ओळीचा दर शेजारच्यांप्रमाणे 52.40 असून फॅट मात्र 8.4 दिसत असेल, तर तो 6.4 आहे हे चित्र न उघडताही उमगते, तरी चित्र उघडून खात्री करावीच.

दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते, 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. वर्षाची 36 बिले मामांनी एका पिशवीत जपून ठेवली होती. प्रत्येक बिलावरील एकूण लिटर आणि तक्त्यातील त्या दहा दिवसांच्या लिटरची बेरीज मी ताडून पाहिली. या तपासणीचे बळ असे की ती चित्रफितीवर अवलंबून नाही. पहिल्या, चुकलेल्या तक्त्यातही 11 ते 20 ऑगस्टच्या बेरजेत बरोबर 5.0 लिटर कमी पडत होते आणि तिथूनच मला पुसल्या गेलेल्या ओळीचा माग लागला होता. ज्यांच्या तक्त्याला बिले नाहीत त्यांनी तशीच एखादी बाहेरची बेरीज शोधावी. पासबुकात ती चालू शिल्लक असते आणि मतदारयादीत अनुक्रमांक असतो.

सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या नसतील, उदाहरणार्थ शेरा लांबल्याने एखादी ओळ दोन ओळींत मोडत असेल, तर 116 ने भागण्याची युक्ती चालत नाही. अशा वेळी प्रत्येक चित्रातील ओळींमधल्या आडव्या रेघा शोधाव्यात, त्यांच्या जागेत त्या चित्राचे सरकणे मिळवावे आणि पाच पिक्सेलच्या आत येणाऱ्या रेघा एकच समजाव्यात. ओळख जागेवरूनच ठरते, फक्त मोजपट्टीवरच्या खुणा असमान असतात.

तयार तक्त्यात मी दोन जादा रकाने ठेवले, ओळीचा क्रमांक आणि ती ज्या चित्रात पूर्ण दिसते त्या चित्राचे नाव. त्यांचा उपयोग लगेच झाला. 36 बिलांपैकी 35 जुळली. 21 ते 28 फेब्रुवारीच्या बिलात तक्त्यापेक्षा 4.5 लिटर कमी होते. प्रत्येक ओळ तपासली, जोडांचे गुणांक पाहिले, सामाईक ओळी ताडल्या, सगळे बरोबर होते. मग बिलासोबतची तपशीलवार चिठ्ठी काढली तेव्हा तीत 23 फेब्रुवारीच्या सायंकाळची नोंदच नव्हती, ॲपमध्ये मात्र होती. मामांनी त्या ओळीचे चित्र मोबाइलवर घेऊन संस्थेत दाखवले आणि तिथल्या कारकुनांनी जुन्या वहीत पाहून पुढच्या बिलात 4.5 लिटरची रक्कम धरली.